कोळशाची भट्टी की विजेची? शंभर रोट्यांचा हिशेब

प्रश्न: आमचं तारकर्लीच्या वाटेवर 32 खुर्च्यांचं हॉटेल आहे. तंदूर कोळशाचा, फक्त संध्याकाळी लावतो. मंगळवारी बंद. एरवी रोज पन्नासेक तंदुरी रोट्या जातात, शनिवार-रविवारी दोनशेपर्यंत. जून ते सप्टेंबर हॉटेल बंदच असतं. एक विक्रेता 6 किलोवॅटचा विजेचा तंदूर 85,000 रुपयांना देतोय आणि इंधनात 70 टक्के वाचतील म्हणतोय. आमचा वायरमन म्हणतो, असलं काही घेऊ नका, बिल दुप्पट होईल. शंभर रोट्यांमागे खरा खर्च किती येतो? घ्यावा का?

उत्तर:

विक्रेता आणि वायरमन दोघांचंही गणित चुकलंय, फक्त उलट्या दिशांना. तुमच्या आकड्यांवरून मला दिसतं ते असं: विजेवर इंधनाचा खर्च साधारण निम्मा होईल. पण तुमचे पैसे ज्या भोकातून गळताहेत ते बुजवायला 85,000 रुपये घालायलाच हवेत असं नाही. ते कसं, ते जरा सावकाश सांगतो.

मी बावीस-तेवीस वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलांची स्वयंपाकघरं लावून देतोय. त्यात माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी की मालक रोट्या मोजतो, कोळशाची पोती मोजतो, पण एका संध्याकाळी किती कोळसा गेला आणि त्याच संध्याकाळी किती रोट्या गेल्या हे एकत्र लिहून ठेवत नाही. महिन्याची पोती भागिले महिन्याच्या रोट्या असा सरासरी आकडा त्याच्याकडे असतो, आणि त्या सरासरीत मंगळ-बुधचं दुखणं शनिवारच्या गर्दीखाली दडून जातं.

आधी रोटीला मुळात किती उष्णता लागते ते बघू. नव्वद ग्रॅमचा गोळा धरा. तो तीस अंशांवरून शंभरापर्यंत तापवायचा आणि भाजताना त्यातलं साधारण पंधरा ग्रॅम पाणी उडवायचं, एवढंच काम. त्यातला तिसरा हिस्सा कणीक तापवण्यात जातो आणि बाकीचे दोन हिस्से पाण्याची वाफ करण्यात. शंभर रोट्यांची बेरीज केली तर ती दीड युनिट विजेइतकी भरते. म्हणजे विजेच्या दरात मोजलं तर शंभर रोट्या खऱ्या अर्थानं वीस रुपयांत भाजून होतात. बाकी जो काही खर्च होतो तो रोटीवर होत नाही. तो भट्टीतला मातीचा माठ तापवण्यावर, तो तापलेला ठेवण्यावर आणि वरच्या तोंडातून आभाळ तापवण्यावर होतो.

आता कोळसा. तुमच्यासारख्याच एका हॉटेलात, म्हणजे संध्याकाळी सहाला भट्टी पेटवून साडेदहाला बंद करणाऱ्या ठिकाणी, आम्ही ताणकाट्यावर कोळसा तोलून दोन महिने वहीत लिहिला होता. पन्नास रोट्यांच्या संध्याकाळी साडेसात किलोच्या आसपास कोळसा जायचा आणि दोनशेच्या संध्याकाळी दहा किलो. रोट्या चौपट झाल्या, कोळसा फक्त अडीच किलोनं वाढला. म्हणजे जवळपास पावणेसात किलो कोळसा एकही रोटी न लावता जळतोच, आणि त्यापुढे दर शंभर रोट्यांना जेमतेम पावणेदोन किलो लागतो.

याला पैशात मांडताना पोत्याचा भाव धरू नका. 45 रुपये किलोनं 25 किलोचं पोतं घेतलं तर तळाला तीन किलो तरी चुरा निघतो. तो माठात टाकला की कोळशामधल्या फटी बुजतात आणि हवाच जात नाही. हाती बावीस किलो लागतो, म्हणजे भाव 51 रुपये पडला. या भावानं पन्नास रोट्यांच्या संध्याकाळी सुमारे 380 रुपयांचा कोळसा गेला, म्हणजे शंभर रोट्यांमागे 760 रुपये. शनिवारी 510 रुपयांचा गेला, म्हणजे शंभराला 255. भट्टी तीच, कारागीर तोच आणि कोळसाही त्याच दुकानातला. शंभर रोट्यांच्या कणकेला साडेपाच किलो आटा लागतो, त्याचे दोनशे-सव्वादोनशे होतात. मधल्या वारी तुम्ही आट्याच्या तिप्पट पैसे कोळशाला देताय. एका रोटीत साडेसात रुपयांचा नुसता कोळसा.

हे आकडे वाचून तुमच्या कारागिराला बोलू नका, त्याची चूक नाही. किलोभर चांगल्या लाकडी कोळशात जवळपास आठ युनिटांची उष्णता असते, पण ती लागेल तेवढीच घेता येत नाही. एकदा निखारा पेटला की गिऱ्हाईक असो नसो, तो जळतच राहतो. खालच्या दारातून हवा आत येते, तापते आणि माठाच्या तोंडातून निघून जाते. शिवाय तोंड स्वतःच एखाद्या शेगडीसारखं वर उष्णता फेकत असतं. एक फूट व्यासाचं तोंड आणि आत साडेचारशे अंश असले, तर निव्वळ त्या किरणोत्सर्गातून तासाला एक युनिट जातं. साडेतीनशे अंशांवर ते अर्ध्या युनिटावर येतं. म्हणून झाकण हे भट्टीचं सगळ्यात स्वस्त यंत्र आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं.

विजेच्या तंदूराचं गणित वायरमनच्या पद्धतीनं केलं तर 6 किलोवॅट गुणिले साडेचार तास म्हणजे 27 युनिटं येतात. पण तसं होत नाही. पहिला तासभर तो पूर्ण ताकदीनं चालतो. मातीचा माठ पन्नास-साठ किलोचा असतो, तो तापायला आणि तोवर होणारी गळती भरून काढायला सहाएक युनिटं जातात. त्यानंतर थर्मोस्टॅट कॉइल बंद-चालू करत राहतो, आणि झाकण ठेवलं तर माठ तापलेला राखायला तासाला दोन युनिटांच्या आतच लागतात. साडेतीन तासांचे पावणेसात. म्हणजे रोटीशिवायचा खर्च पावणेतेरा युनिटांच्या आसपास. वर दर शंभर रोट्यांना साडेतीन-पावणेचार युनिटं. रोटीची स्वतःची दीडच, पण रोटी लावताना झाकण उघडं असतं त्याची भर.

युनिटचा दर बिलाच्या वरच्या ओळीतला धरू नका. ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर व्यावसायिक जोडणीला लागणारं 21 टक्के वीज शुल्क, हे सगळं मिळवून युनिटांनी भागा. स्थिर आकार मात्र त्यातून वगळा, कारण 20 किलोवॅटच्या आतल्या जोडणीला तो महिन्याला ठरावीक असतो आणि तंदूर आला म्हणून वाढत नाही. मी 13 रुपये धरतो. तुमचा वेगळा आला तर पुढचे आकडे त्या प्रमाणात बदला. पन्नास रोट्यांच्या संध्याकाळी साडेचौदा युनिटं, म्हणजे 190 रुपयांच्या आसपास. शंभराला 380. दोनशेच्या संध्याकाळी 20 युनिटं, 260 रुपये, म्हणजे शंभराला 130.

दोन्ही बाजूंनी बघा, वीज निम्म्यावर येते. सत्तर टक्के नाही, आणि दुप्पटही नाही. माझा ढोबळ ठोकताळा असा की एक किलो कोळशाचं काम दोन युनिटं करतात. आपल्याला कोळसा विजेच्या युनिटाच्या दुप्पट भावापेक्षा स्वस्त, म्हणजे 26 रुपयांच्या आत, चुरा वजा जाऊन, मिळत असेल तरच कोळसा जिंकतो. आमच्याकडे तसा भाव मी कित्येक वर्षांत पाहिला नाही.

आता तुमचा हिशेब. मंगळवार वगळून महिन्यात 18 साध्या संध्याकाळी आणि 8 गर्दीच्या. साध्या दिवशी विजेनं 190 रुपये वाचतात, गर्दीच्या दिवशी 250. महिन्याचे साडेपाच हजार, ऑक्टोबर ते मे आठ महिन्यांचे 44,000. तंदूराचे 85,000 आणि तीन फेजची जोडणी, मंजूर भार वाढवणं, वायर, एमसीबी, अर्थिंग मिळून वीसेक हजार धरले, तर अडीच हंगामांत पैसे फिटतात. मधे एखादी कॉइल गेली तर तीन. वाईट नाही.

पण इथे थांबून दुसरं गणित करा. सोमवार, बुधवार, गुरुवार भट्टी लावलीच नाही तर? मंगळवारी तुम्ही बंदच असता. महिन्यात 14 संध्याकाळी वाचतात, प्रत्येकी 380 रुपयांचा कोळसा, म्हणजे 5,300 रुपये. म्हणजे विजेचा तंदूर घेऊन जेवढे वाचतील, जवळजवळ तेवढेच. खिशातून एक रुपया न घालता.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक तंदुरी रोटी मागतं. मागतं, पण कोण मागतं ते बघा. आठवड्याच्या मधल्या वारी तुमच्याकडे येतो तो कामासाठी फिरणारा, बोटीवरचा, गावातला माणूस. त्याला सुरमईच्या कालवणाबरोबर तांदळाची भाकरी किंवा भात हवा असतो. रोटी मागणारा बहुतेक शनिवारी घाट उतरून येतो. तव्यावर पन्नास भाकऱ्यांना मोठ्या बर्नरवर साधारण किलोच्या आतच गॅस लागतो. शिवाय त्या तीन दिवशी तंदूरवाला दुसऱ्या कामाला मोकळा. उद्या कार्डावर "तंदूर शुक्र-शनि-रवि" असं छापलं तर गिऱ्हाईक तुटेल का, हे तुम्हालाच जास्त ठाऊक. मला विचाराल तर मालवणात बसून मधल्या वारी तंदुरी रोटी विकण्याचा अट्टहास मला कधीच कळला नाही, पण तो माझा स्वभाव.

आणि एकदा का तुम्ही तीनच दिवस भट्टी लावायची ठरवली, की विजेच्या तंदूराची बाजू लंगडी पडते. मग महिन्यात बाराच संध्याकाळी उरतात, बचत 2,700-2,800 रुपयांवर येते आणि पैसे फिटायला जवळपास पाच हंगाम लागतात. किनाऱ्यावरच्या हवेत पाच हंगाम कॉइल, थर्मोस्टॅट आणि पत्रा टिकेल यावर मी पैज लावणार नाही. तेव्हा आधी मधल्या वारचा निर्णय करा, तंदूर विजेचा की कोळशाचा हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

रोज तंदूर लागणारच असं ठरलं तर विजेचा घ्या, पण कोळशाची भट्टी विकू नका. याला दोन कारणं आहेत.

पहिलं, वीज जाते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती हे तुम्ही पाहिलंय. एवढं टोक सोडा, मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात फांदी पडून दोन तास वीज जाणं काही नवं नाही. जनरेटरवर तंदूर चालवायचा विचार मनात आणू नका. एक लिटर डिझेलला छोटा जनरेटर तीन युनिटं देतो, म्हणजे युनिट तीस रुपयांच्या वर गेलं. त्यापेक्षा कोळसा परवडला.

दुसरं कारण व्होल्टेज, आणि यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. गुहागरच्या बाजूला एका हॉटेलात मी 6 किलोवॅटचा तंदूर लावून दिला. दुपारी चाचणी घेतली, रोट्या झकास. पहिल्या शनिवारी रात्री साडेआठला मालकाचा फोन: रोट्या माठातून गळून निखाऱ्यात, म्हणजे कॉइलवर पडताहेत. मी म्हटलं कणीक सैल असेल. कणीक ठीक होती. जाऊन मीटर लावला तर फेजला 200 व्होल्ट. संध्याकाळी शेजारचे सगळे लॉज एसी लावून बसले होते.

कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 200 झाले तर 6 किलोवॅटचा तंदूर साडेचार किलोवॅटचा होतो. गर्दीत झाकण उघडं असतं, त्या वेळची गळती पावणेतीन-तीन किलोवॅट धरा. पूर्ण व्होल्टेजला रोट्यांसाठी तीनच्या वर शिल्लक राहतात, म्हणजे तासाला दोनशे रोट्यांची उष्णता. उतरलेल्या व्होल्टेजला दीड-पावणेदोनच राहतात, म्हणजे तासाला शंभर-सव्वाशे. त्यापेक्षा जास्त लावल्या की माठ तेवढा थंड होत जातो. पहिल्या चाळीस रोट्या माठात साठलेल्या उष्णतेवर छान निघतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि नेमक्या ऐन गर्दीत रोटी बसेनाशी होते. कोळशाला हे दुखणं नाही. दार थोडं जास्त उघडलं, दोन मुठी कोळसा टाकला की तासाला दोन किलो जाळून तो पंधरा किलोवॅटची उष्णता काढतो. ती वाया किती जाते हा वेगळा भाग.

माठ उतरतोय हे रोटीवरूनच कळतं. चांगल्या भट्टीत रोटी एक-सव्वा मिनिटात सुटते, पोटाला फोड येऊन त्यावर काळे-तांबूस ठिपके पडतात. दीड-दोन मिनिटं लागायला लागली, वरची बाजू पांढरी राहिली आणि ताटात गेल्यावर पाच मिनिटांत रोटी चिवट झाली, तर समजा ती भाजली नाही, वाळली. रोटी माठाला थापायच्या गद्दीवरून लावलेली रोटी कडेनं सुटायला लागली तर माठ बराच खाली आलाय. अंदाजावर राहण्यापेक्षा इन्फ्रारेड तापमापकाची बंदूक घ्या, हजार-दीड हजारात मिळते, फक्त पाचशे अंशांपर्यंत मोजणारी बघा. ताप मापताना रोटी लागते तिथे, माठाच्या मधल्या पट्ट्यावर रोखायची. 280 ते 320 अंश असले की रोटीला पुरे. अडीचशेच्या खाली गेलं की नवी ऑर्डर दोन मिनिटं रोखा.

गुहागरच्या त्या हॉटेलात शेवटी आम्ही काय केलं? शनिवार-रविवार दोन्ही भट्ट्या. विजेची सहापासून, आणि कोळशाची आठला तयार होईल अशी. एका रात्रीला चार-पाच किलो कोळसा जास्त गेला तरी गिऱ्हाईक उठून गेलं नाही.

समुद्राजवळच्या हवेचा आणखी एक त्रास विजेच्या तंदूराला होतो आणि तुमच्यासारख्या पावसाळ्यात बंद राहणाऱ्या हॉटेलाला तो हमखास भोगावा लागतो. कॉइल पत्र्याच्या नळीत असते आणि नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ही पूड वीज रोखते पण हवेतला ओलावा शोषते. चार महिने बंद तंदूर ऑक्टोबरात लावला की अर्थ-लीकेज ब्रेकर खाडकन पडतो. मग वायरमन येतो, ब्रेकर खराब आहे म्हणतो आणि तो काढून थेट जोडून देतो. हे कुणालाही करू देऊ नका. भट्टीचं अंग लोखंडी, कारागीर अनवाणी किंवा ओल्या चपलेवर, हातात लोखंडी सळी. ब्रेकर तुमचा माणूस वाचवत असतो. योग्य मार्ग असा की हंगामाआधी आठवडाभर मेगरनं प्रत्येक कॉइलचा इन्सुलेशन रोध मोजायचा. एक मेगाओहमच्या खाली आला तर जाणकाराकडून कॉइल मंद उष्णतेवर सुकवून घ्यायची, पुन्हा मोजायचं आणि मगच पूर्ण भारानं चालवायची. टोकांवरचे नट गंजून काळे पडले असतील तर ते तेव्हाच बदला. सैल जोड गरम होतो आणि सबंध हंगामभर थोडी थोडी वीज खात राहतो. माठही ओल धरतो. त्याला पहिल्या दिवशी एकदम साडेतीनशेवर नेलं तर तडा जाईल. दोन-तीन दिवस कमी तापवून मगच धंद्याला लावा.

कोळशाचं पण हवामानाशी वाकडंच असतं. सप्टेंबरात स्वस्त पडतो म्हणून आणलेला कोळसा पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर टाकला की तो पाणी धरतो. पाणी उडवायला फारशी उष्णता जात नाही, खरं नुकसान तोलताना होतं, कारण तुम्ही पाणी कोळशाच्या भावानं घेता. ओला कोळसा पेटायला वेळ लावतो आणि पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पेटवायला करवंट्या वापरा, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. पण पेटवण्यापुरत्याच, रोट्या लागायला लागल्यावर नाही. त्यांचा धूर रोटीला उग्र वास देतो.

कोळशावरच राहायचं ठरलं तर साध्या दिवशी तीन गोष्टींनी संध्याकाळचा दीड-दोन किलो कोळसा वाचतो. पाच किलोऐवजी साडेतीन किलोवर पेटवायचा आणि गरजेप्रमाणे भर घालायची. दोन ऑर्डरींच्या मधे झाकण ठेवून खालचं दार बोटभर फटीवर आणायचं. आणि साडेदहाला झाकण व दार पूर्ण बंद करून निखारा कोंडायचा, सकाळी किलो-सव्वा किलो धड कोळसा परत मिळतो. मात्र कोंडलेला निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, धूर दिसत नाही. तुमची पोरं स्वयंपाकघरातच झोपत असतील तर त्या रात्रीपासून त्यांची पथारी दुसरीकडे हलवा. पावसात दारं-खिडक्या लावून भट्टी चालवताना डोकं जड झालं, मळमळलं, तर ते गरमीनं झालं असं समजू नका.

चवीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. रोटी माठात मिनिटभर असते, तेवढ्यात तिला कोळशाची चव फारशी लागत नाही. डोळे बांधून खाणाऱ्या दहांपैकी किती जण ओळखतील याची मला शंका आहे. कोळशाची ओळखीची चव येते ती चरबी आणि मसाला निखाऱ्यावर ठिबकून जो धूर होतो त्याची. त्यामुळे तंदुरी पापलेट किंवा कोंबडी तुमच्या कार्डावर जोरात चालत असेल तर तिच्यासाठी कोळशाची छोटी सिगडी ठेवा, रोटी कशावरही भाजा. विजेचा घेताना कॉइल फक्त माठाभोवती आहे की तळालाही आहे, हे जरूर बघा. तळाला कॉइल नसेल तर रोटीची पाठ भाजते आणि तोंड पांढरं राहतं.

मुंबईत 2025 मध्ये महापालिकेनं कोळशाचे तंदूर बंद करून वीज किंवा गॅसवर जाण्याच्या नोटिसा काढल्या, तेव्हापासून हे विक्रेते इकडे खाली जास्त फिरायला लागलेत आणि "उद्या तुमच्याकडेही बंदी येणार" असं सांगतात. त्या नोटिसा मुंबईपुरत्या होत्या. त्या भीतीपोटी आज सही करू नका.

घ्यायचाच ठरला तर विक्रेत्याला सांगा की चाचणी तुमच्या हॉटेलात, शनिवारी रात्री आठ ते साडेआठ या वेळात द्यायची. तुमच्याच कणकेचे साठ गोळे आधी तोलून ठेवा. भट्टीच्या वायरवर एक वेगळा मीटर बसवून घ्या, तो पुढे कायम राहू दे. पेटवल्यापासूनची युनिटं, फेजचं व्होल्टेज, आणि पहिल्या, तिसाव्या व साठाव्या रोटीला लागलेले सेकंद लिहा. साठाव्या रोटीला पहिलीच्या दीडपट वेळ लागला तर तो तंदूर तुमच्या शनिवारला पुरणार नाही, मग 9 किलोवॅटचा बघा किंवा कोळशाची भट्टी जोडीला ठेवण्याची तयारी करा. आणि चाचणी दुपारी देतो म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा.